टायटॅनिक दुभंगलं की अखंड बुडालं? एकमेकांना छेद देणाऱ्या साक्षी एका अहवालात मांडताना

टायटॅनिक 15 एप्रिल 1912 च्या पहाटे बुडालं आणि काही महिन्यांत त्यावर दोन सरकारी अहवाल आले. अमेरिकी सिनेटच्या अहवालात म्हटलं होतं की जहाजाचे दोन तुकडे झाले की नाही याबद्दल अनेक परस्परविरोधी विधानं आहेत, पण पुराव्याचा कल जहाज जवळजवळ उभं राहून अखंड बुडालं असाच आहे. लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश अहवालाने इतकंही सांगितलं नाही. जहाजाचे दोन तुकडे झाले नाहीत, असं त्याने सरळ लिहिलं. 1 सप्टेंबर 1985 ला सुमारे 3,800 मीटर खोलीवर अवशेष सापडले, तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून सुमारे 600 मीटरवर पडलेले होते.

निष्कर्ष चुकला याचं आम्हाला तेवढं वाईट वाटत नाही. तेव्हा समुद्राचा तळ कुणाला दिसत नव्हता. वाईट याचं वाटतं की जहाज तुटलं असं शपथेवर सांगणाऱ्यांनी नेमकं काय पाहिलं, हे त्या वाक्यांत उरलंच नाही. सिनेटच्या वाक्यात 'परस्परविरोधी विधानं' हे शब्द आहेत, पण ती कुणाची आणि कशाबद्दल, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

आम्ही चौकशी अहवाल लिहितो आणि लिहायला शिकवतो. याच एका प्रश्नापुरतं प्रकरण आम्ही मूळ साक्षींवरून नव्याने लिहून काढलं. अट एकच ठेवली: ब्रिटिश अहवालाच्या तारखेनंतरचं, म्हणजे 30 जुलै 1912 नंतरचं काहीही वापरायचं नाही आणि कोण खरं बोलतोय ते सांगायचं नाही. दोन्ही चौकशांची प्रश्नोत्तरं छापील उपलब्ध आहेत. ब्रिटिश चौकशीत तर प्रत्येक प्रश्नाला क्रमांक आहे आणि ते 25,622 पर्यंत जातात. त्यामुळे प्रत्येक विधानापुढे प्रश्नक्रमांक टाकता येतो. अमेरिकी साक्षींना दिवस आणि साक्षीदाराचं नाव लावावं लागतं. हा संदर्भ पहिल्या मिनिटापासून लिहीत जावा. नंतर लावू म्हटलं की विधान आणि त्याचा मालक यांची अदलाबदल होते, आणि ती सहसा लक्षातही येत नाही.

पहिला अडथळा प्रश्नाचाच होता. 'जहाज तुटलं का?' हा प्रश्न साक्षीदाराला निष्कर्ष विचारतो. त्याखाली दोन रकाने आखले, 'तुटलं' आणि 'तुटलं नाही', की प्रत्येकाला कुठल्यातरी गोटात ढकलावं लागतं. म्हणून तो फोडून डोळ्यांना आणि कानांना विचारता येतील असे पाच प्रश्न केले. मागचा भाग वर उचलला गेला का, आणि किती? वर गेलेला भाग पुन्हा खाली येऊन आडवा झाला का? तेव्हा पुढचा भाग दिसत होता का? आवाज आला का, कसा? दिवे कधी गेले? वाद या पाचांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे, हे इथेच कळलं. मागचा भाग उचलला गेला हे दोन्ही बाजू सांगतात. 'तुटलं' आणि 'नाही' या दोन रकान्यांत ही सहमती दिसलीच नसती.

मग साक्षीदार. तिसरे अधिकारी पिटमन पाच क्रमांकाच्या जीवरक्षक होडीत होते. अमेरिकेतल्या साक्षीत ते म्हणतात की जहाज पुढून हळूहळू बुडत गेलं, मग सरळ उभं राहिलं आणि तसंच खाली गेलं. तुटल्यासारखं वाटलं का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'नाही'. दुसरे अधिकारी लाइटोलर उलटलेल्या घडीच्या होडीपाशी होते, जहाजाच्या अगदी जवळ. मे महिन्यात लंडनमध्ये त्यांनी सांगितलं की जहाज तुटल्याची गोष्ट साफ खोटी आहे. जहाज तुटलं नाही आणि तुटू शकत नव्हतं.

खलाशी ब्यूली दहा क्रमांकाच्या होडीत होते. अमेरिकेत ते म्हणाले की शेवटच्या धुराड्यापर्यंत जहाज खाली गेलं, इंजिनं पुढे धावल्यासारखा थोडा गडगडाट झाला आणि जहाज मोडलं. पुढचा भाग गेला, मागचा वर येऊन पाच मिनिटं राहिला. कशावरून, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मागचा भाग तरंगताना दिसत होता आणि त्याला पुढचा भाग नव्हता. दोन क्रमांकाच्या होडीतले खलाशी ऑसमन म्हणाले की एका कोनापर्यंत गेल्यावर स्फोट होऊन जहाजाचे दोन भाग झाले, मागचा भाग पुन्हा सरळ झाला आणि लगेच खाली गेला. शेवटच्या होड्यांपैकी एकीत असलेले क्वार्टरमास्टर ब्राइट यांनीही मागचा भाग सरळ होणं आणि पुढचा भाग नाहीसा होणं सांगितलं.

वरच्या दोन परिच्छेदांत एक गोष्ट मुद्दाम केली आहे. मराठीत अधिकाऱ्याला आपसूक 'ते म्हणाले' होतं आणि खलाशाला 'तो म्हणाला'. आमच्या पहिल्या मसुद्यात नेमकं हेच झालं होतं आणि आम्ही दोघांनी तो वाचूनही आम्हाला ते दिसलं नव्हतं. इंग्रजी अहवालात हा धोका नाही. मराठी अहवालात मात्र पद जाहीर न करताही क्रियापदातूनच वाचकाला कळतं की कुणाचं ऐकायचं. इथे तर पिटमन आणि लाइटोलर अधिकारी, ब्यूली आणि ऑसमन खलाशी. म्हणजे एक बाजू आदरार्थी बहुवचनात आणि दुसरी एकेरीत! सगळ्यांना एकच रूप द्यायचं हा नियम लिहून ठेवावा लागतो आणि मसुदा संपल्यावर केवळ त्यासाठी एक वाचन करावं लागतं. हुद्दा एकदा, ओळख करून देताना लिहायचा. नंतर फक्त आडनाव.

प्रत्येक साक्षीदाराच्या विधानांना आम्ही तीन खुणा केल्या: पाहिलं, ऐकलं, अनुमान. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त उपयोगही याचाच झाला. ब्यूली यांचं 'पुढचा भाग नव्हता' हे पाहिलेलं आहे. 'इंजिनं पुढे धावल्यासारखं' हा ऐकलेल्या आवाजाला त्यांनी दिलेला अर्थ आहे. कोळशाच्या कोठारांपाशी तुटलं असावं, असंही ते म्हणतात, ते अनुमान. लाइटोलर यांच्या उत्तरातही दोन वेगळे तुकडे आहेत. 'तुटलं नाही' हे निरीक्षण म्हणून सांगितलेलं आहे, 'तुटू शकत नव्हतं' हे जहाजाच्या बांधणीविषयीचं मत आहे. मत म्हणून त्याला किंमत आहे, पण ते डोळ्यांच्या रकान्यात बसत नाही. ही खूण एकाच बाजूच्या साक्षींना लावली तर ती पक्षपाताचं हत्यार होते. खलाशांच्या वाक्यांची चिरफाड करायची आणि अधिकाऱ्यांची वाक्यं अखंड ठेवायची, किंवा याच्या उलट, हे फार सहज घडतं. म्हणून प्रत्येकाचा उतारा वाक्यावाक्याने तोडला आणि एकही वाक्य खुणेवाचून सोडलं नाही.

मुख्य बेकर जॉकिन यांच्या साक्षीने आमचे दोन रकाने मोडले. शेवटच्या क्षणांत ते जहाजाच्या मागच्या भागावरच होते. लोखंड विलग व्हावं तसा आवाज ऐकल्याचं त्यांनी लंडनमध्ये सांगितलं. पण जहाज उभं राहिलं हे त्यांना मान्य नाही. जहाज पुढे ढकलणारे मागचे पंखे पाण्याबाहेर आले असं त्यांना वाटत नाही. म्हणजे आवाजापुरते ते खलाशांच्या जवळ, आणि मागचा भाग किती उचलला गेला या प्रश्नावर दोन्ही बाजूंच्या विरुद्ध. अशा साक्षीदाराला दोन रकान्यांच्या मांडणीत जागा मिळत नाही आणि मग त्याला 'इतर' मध्ये टाकलं जातं किंवा त्याचं अर्धं विधान उचललं जातं. आम्ही रकाने बाजूंना न देता साक्षीदारांना दिले. आडव्या ओळी पाच प्रश्नांच्या, उभा रकाना एकेका माणसाचा. 'बाजू' हा शब्दच मांडणीतून गेला.

चौकटी भरताना रिकाम्या चौकटींचं काय करायचं हा प्रश्न येतो. तिथे चार वेगवेगळ्या नोंदी लागतात: 'हो', 'नाही', 'दिसलं नाही असं सांगितलं' आणि 'विचारलं नाही'. शेवटच्या दोन्हींची 'नाही'शी गल्लत ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. ती अमावास्येच्या जवळची रात्र होती, चंद्र नव्हता, आणि शेवटी जहाजावरचे दिवेही गेले. अशा वेळी एखाद्या माणसाने तुटण्याचा उल्लेख केला नाही, याचा अर्थ त्याने अखंड जहाज बुडताना पाहिलं असा होत नाही. दोन्ही चौकशांतल्या कित्येकांना हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्यांना 'तुटलं नाही'च्या बेरजेत धरलं की कल आपोआप एकीकडे जातो.

म्हणूनच आम्ही बेरीज केली नाही. 'बहुसंख्य साक्षीदारांच्या मते' असं लिहिलं की न सांगता निकाल लागतो. आकडा द्यायचाच असेल तर तो संपूर्ण द्यावा: अमुक जणांना विचारलं, त्यांतल्या अमुक जणांनी हे सांगितलं, अमुक जणांनी ते, अमुक जणांना दिसलं नाही. आणि त्यातही एकाच होडीतल्या चौघांनी रात्रभर आपसात बोलून सांगितलेली गोष्ट म्हणजे चार स्वतंत्र साक्षी नव्हेत, हे लक्षात ठेवावं.

प्रत्येक उत्तरासोबत तो प्रश्नही नोंदवावा. पिटमन यांचं 'नाही' हे 'तुटल्यासारखं वाटलं का' या थेट प्रश्नाला आलेलं आहे. लाइटोलर यांच्यापुढे इतरांनी असं सुचवलं आहे, हे ठेवून विचारलं गेलं, आणि त्यांच्या उत्तराचा जोर त्या सूचनेला नकार देण्याचा आहे. ब्यूली आधी आपणहून सांगत गेले आणि मग त्यांना 'कशावरून?' असं विचारलं. प्रश्न गाळला की लाइटोलर यांचा सूर विनाकारण चढा वाटतो. काळही नोंदवावा: पिटमन आणि ब्यूली एप्रिलमध्येच बोलले, लाइटोलर यांचं हे उत्तर महिन्याभरानंतरचं. तारीख फक्त लिहायची. 'उशिरा दिलेल्या साक्षीत' असं म्हणायचं नाही. 'उशिरा' हा शब्द तारखेपेक्षा जास्त बोलतो.

भाषेची झाडलोट सर्वांत शेवटी केली. पहिल्या मसुद्यातली ही दोन वाक्यं पाहा:

'लाइटोलर यांनी जहाज तुटले नसल्याचे स्पष्ट केले. मात्र खलाशी ब्यूली याने ते दुभंगल्याचा दावा केला.'

'स्पष्ट केले' म्हणजे जे खरं आहे ते उलगडून दाखवलं. 'दावा केला' म्हणजे आम्हाला शंका आहे. 'मात्र' आल्याने दुसरं वाक्य पहिल्यावरचा आक्षेप होतं. जणू पहिलं वाक्य ही मूळ हकिकत आहे. 'दुभंगल्याचा' आणि 'नसल्याचे' या रूपांत वाक्यातलं काम कुणी केलं ते राहतं, पण कुणी पाहिलं ते हरवतं. हीच वाक्यं उलट दिशेनेही तितकीच सहज झुकवता येतात: 'ब्यूली यांनी जहाज दुभंगताना पाहिले, लाइटोलर यांनी ते नाकारले.' इथे 'दुभंगताना पाहिले' म्हणताच दुभंगणं हे आम्हीच मान्य केलं, कारण न घडलेली गोष्ट कुणी पाहू शकत नाही. शेवटी उरलं ते असं:

'ब्यूली यांनी सांगितले: मागचा भाग तरंगताना दिसत होता, त्याला पुढचा भाग नव्हता. लाइटोलर यांनी सांगितले: जहाज तुटले नाही आणि तुटू शकत नव्हते.'

वाचायला रुक्ष आहे, आणि दर ओळीला 'सांगितले' येतं. संपादकाला ते खटकतं आणि तो विविधतेसाठी एका ठिकाणी 'कबूल केले', दुसरीकडे 'ठामपणे मांडले' घालतो. तिथे हट्ट धरावा. 'कबूल केले' म्हणजे आधी लपवलं होतं. 'ठामपणे' म्हणजे दुसरा डळमळीत. जोडशब्दांत 'मात्र', 'तथापि', 'उलट', 'प्रत्यक्षात' हे चार शोधून काढले. 'च' आणि 'म्हणे' हेही शोधावे लागतात, विशेषतः 'म्हणे': तो आला की वाक्य कुजबुज होतं.

क्रम कसा लावायचा यावर आमचा बराच खल झाला. पहिला येणारा जबाब हकिकतीसारखा वाचला जातो आणि शेवटचा निकालासारखा. अधिकारी आधी लावले तर हुद्द्याचा क्रम होतो, साक्षीच्या तारखेने लावले तर लंडनमधले शेवटी येतात. आम्ही होडीचा क्रमांक घेतला: दोन, पाच, दहा, मग घडीच्या होड्या, मग जहाजावर राहिलेले जॉकिन. या क्रमाचा वादाशी काही संबंध नाही आणि कुणीही तो पडताळू शकतो. तो कशावरून लावला हे तक्त्याच्या वर एका ओळीत लिहिलं. ओळींची लांबी आम्ही बरोबरीची केली नाही. ब्यूली जास्त बोलले आहेत, पिटमन कमी; समतोल दिसावा म्हणून एकाला छाटणं किंवा दुसऱ्याला फुगवणं हीही ढवळाढवळच. पण एकाचं अवतरण शब्दशः आणि दुसऱ्याचं गोषवाऱ्यात, असं होऊ दिलं नाही.

हेतूंचा उल्लेख हा सर्वांत मोहाचा भाग. लाइटोलर हे जहाज कंपनीचे अधिकारी होते, असं एका वाक्यात लिहिलं की वाचक स्वतःच पुढचं जोडतो. पण पिटमन, ब्यूली, ऑसमन, ब्राइट, जॉकिन हे सगळेच त्या जहाजावरचे नोकर होते. एकाच्या नावापुढे नोकरी लिहिली आणि इतरांच्या नाही, तर ती माहिती खरी असूनही आरोप होते. आम्ही ती सगळ्यांसाठी एकदाच, तक्त्याच्या डोक्यावर लिहिली.

थेअर या सतरा वर्षांच्या प्रवाशाचा प्रश्न वेगळा होता. तोही त्याच उलटलेल्या होडीवर होता जिथे लाइटोलर होते, आणि जहाज दुभंगलं असं त्याचं म्हणणं. त्याच्या वर्णनावरून, वाचलेल्यांना उचलून घेणाऱ्या कार्पेथिया जहाजावरच्या एका प्रवाशाने चित्रंही काढली. पण दोन्ही चौकशांपुढे त्याची साक्ष झाली नाही. त्याला तक्त्यात घेतलं तर शपथेवरच्या आणि उलटतपासणी झालेल्या विधानांशेजारी वर्तमानपत्रातला मजकूर बसतो. वगळलं तर एकाच होडीवरून दोघांना वेगळं दिसलं, ही या प्रकरणातली फार मोलाची गोष्ट जाते. शेवटी तो तक्त्याखाली वेगळ्या चौकटीत ठेवला आणि मथळा दिला: 'चौकशीपुढे न झालेली विधाने'. (आमच्याकडून इथेही एकेरी आलंच, वयामुळे. अहवालात 'थेअर यांनी' असंच आहे.)

तपासणीसाठी प्रत दोघांना दिली, ज्यांना टायटॅनिकविषयी विशेष माहिती नव्हती. त्यांना एकच विचारलं: लिहिणाऱ्यांना कोण खरं वाटतंय, आणि कुठल्या शब्दावरून? दोघांनीही 'खलाशी' म्हटलं, आणि दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं. ब्यूली यांचं 'त्याला पुढचा भाग नव्हता' हे आम्ही परिच्छेदाच्या शेवटी, एकटं ठेवलं होतं. शब्द त्यांचेच होते. त्या जागेमुळे ते घणाघाती झाले होते. वाक्य साक्षीतल्या मूळ जागी परत नेलं. दुसरी तपासणी आम्हीच केली: सगळी नावं पुसून साक्षीदार क, ख, ग असं करून वाचलं. ज्या विशेषणाची नावाशिवाय गरज वाटली नाही ते काढलं.

या पद्धतीला मर्यादा आहे. जिथे कागद, मोजमाप किंवा वस्तू हाती आहे तिथे साक्षी समोरासमोर ठेवून गप्प बसणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे. जहाजाची लांबी किती, या प्रश्नावर दोन साक्षीदारांची मतं मांडायची नसतात. जहाजाचा आराखडा पाहायचा असतो. 1912 मध्ये दुभंगण्याबद्दल अशी वस्तू हाती नव्हती, आणि 'या प्रश्नावर वस्तुरूप पुरावा उपलब्ध नाही' हे वाक्य तेव्हाच्या अहवालात बसलं असतं. आमच्या प्रकरणात ते तक्त्याच्या अगोदर आहे, नंतर नाही. नंतर आलं की ते हतबलतेसारखं वाचलं जातं.

तारखेची अट उठवल्यावर आम्ही एक पुरवणी जोडली. तिच्यात 1985 चा शोध, खोली, दोन भागांमधलं अंतर, आणि हा पुरावा पाचांपैकी कुठल्या प्रश्नांना लागू पडतो ते आहे. अवशेष जहाज तुटल्याचं दाखवतात. मागचा भाग किती अंशांपर्यंत उचलला गेला, तो किती वेळ तरंगला आणि जॉकिन यांनी ऐकलेला आवाज नेमका कशाचा, या प्रश्नांची उत्तरं तळावर पडलेलं लोखंड एकटं देत नाही. तिथे साक्षीच लागतात. म्हणून तक्ता आहे तसा ठेवला. लाइटोलर आणि पिटमन यांच्या चौकटीत शब्द बदलला नाही, कंसात शेराही घातला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या ओळीपुढे फक्त एवढं टाकलं: 'पुरवणी पाहा.'